समुद्र न पाहता दर्यावर्दी समाज कसा रचायचा: विदर्भातल्या नव्या लेखकांसाठी

भंडारा, गडचिरोली, वाशीम, यवतमाळ अशा ठिकाणी बसून अद्भुत कथा लिहिणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. तुमच्या कथेतले लोक समुद्रावर जगणारे आहेत. त्यांची स्वतःची तारेविद्या आहे, शकुन-अपशकुन आहेत, आणि जहाजावरच्या हुद्द्यांवरूनच गावात कोण कुठे बसणार ते ठरतं. असा समाज उभा करताना बहुतेक जण नकाशा, वादळ आणि समुद्रदेवता यांपासून सुरुवात करतात. दहा-बारा पानांत सगळं सांगून संपतं आणि पुढे काय घडवायचं ते सुचत नाही. मी या वाटेने गेलो आहे, आणि आता मी जो क्रम पाळतो तो खाली देतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: तुमच्या लोकांना समुद्रावर कोणती गोष्ट कळत नाही, ते सगळ्यात आधी ठरवा. श्रद्धा, हुद्दे, लग्नं, भांडणं, सगळं त्या अज्ञानाभोवती आपोआप गोळा होतं.

लागणारं साहित्य

- जाड पुठ्ठ्याचा १० सेंटिमीटर उंचीचा चौकोनी तुकडा
- हातभर सुती दोरी, फूटपट्टी आणि सुई
- शाळेचा अॅटलास, ज्यात अक्षांश छापलेले आहेत
- मोबाइलवर तारे दाखवणारं स्टेलॅरियम अॅप (हे नसलं तरी चालेल)
- उत्तरेकडे झाडं किंवा घरं आड येत नाहीत असं शेत, नाहीतर मोठ्या तलावाचा दक्षिण काठ
- एक वही, जिच्यात फक्त आकडे आणि नियम लिहायचे, कथा नाही

१. आधी आपल्या शेतातून ध्रुव मोजा

समुद्र आपल्याकडे नाही, पण खलाशी ज्यावर विसंबून असायचे ते आकाश आहे, आणि शहरापेक्षा आपल्या गावात ते जास्त स्वच्छ दिसतं. म्हणून पहिलं काम लिहिण्याचं नाही, मोजण्याचं आहे.

हिंदी महासागरातले अरब आणि भारतीय खलाशी ‘कमाल’ नावाचं साधन वापरत. एक छोटी लाकडी फळी, तिच्या मधोमध भोक, भोकातून ओवलेली दोरी, आणि दोरीला एकेका बंदराची एकेक गाठ. दोरीची गाठ दातांत धरायची, दोरी ताणायची, फळीची खालची कड क्षितिजाला टेकवायची आणि वरची कड ध्रुवाला लागते का ते बघायचं. लागली, तर त्या गाठीच्या बंदराच्या अक्षांशावर तुम्ही आलात. अंश मोजायला नको, हिशोब मांडायला नको, लिहिता-वाचता येणंही गरजेचं नाही.

यामागचं तत्त्व सोपं आहे. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, साधारण तितका त्या जागेचा अक्षांश असतो. नागपूर २१ अंशांच्या किंचित पुढे आहे, म्हणून तिथून ध्रुव साधारण २१ अंशांवर दिसतो. हात लांब करून दोन मुठी एकावर एक ठेवल्या की जवळपास तेवढी उंची होते. सिरोंचा १९ अंशांच्या जरा खाली आहे, तिथे ध्रुव सव्वादोन अंशांनी उतरलेला असतो.

आता पुठ्ठ्याच्या मध्यातून दोरी ओवा. पुठ्ठ्यापासून २७ सेंटिमीटरवर एक गाठ मारा, ही नागपूरची. ३० सेंटिमीटरवर दुसरी, ही सिरोंचाची. या दोन गाठींत बोटभर-दीड बोटाचं अंतर आहे, आणि जमिनीवर तेच उत्तर-दक्षिण अडीचशे किलोमीटरच्या वर जातं. हे प्रमाण वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तुमच्या कथेतला सगळा ताण त्यातून येणार आहे.

ध्रुव सापडत नसेल तर सप्तर्षी शोधा. आपल्या खेड्यांत आणि गोंडांत त्यांना म्हातारीची बाज म्हणतात: चार तारे म्हणजे बाजेचे चार पाय, आणि मागचे तीन म्हणजे बाज चोरायला आलेले चोर. चोरांपासून लांब असलेल्या दोन पायांना जोडणारी रेष पाचपट पुढे न्या, तिथे ध्रुव आहे. हिवाळ्यात संध्याकाळी बाज क्षितिजाखाली असते, तेव्हा शर्मिष्ठेचा एम-सारखा आकार उत्तरेला शोधायचा आणि तिच्या खाली नजर न्यायची.

इथला सापळा क्षितिजाचा आहे. शेतातून दिसणारी झाडांची रांग खऱ्या क्षितिजापेक्षा वर असते, त्यामुळे ध्रुव कमी उंचीवर मोजला जातो. शिवाय आजचा ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे, आणि रात्रभर त्याच्याभोवती छोटा फेरा मारतो. म्हणून एक अंश इकडेतिकडे आलं तर हिरमुसू नका. हाताला किती चूक होते ते कळणं, हेच या रात्रीचं काम आहे.

२. त्यांना काय कळत नाही ते एका वाक्यात लिहा

ध्रुव उत्तर-दक्षिण सांगतो. पूर्व-पश्चिम मात्र तो सांगत नाही, कारण एकाच अक्षांशावर तुम्ही हजार किलोमीटर पश्चिमेला गेलात तरी त्याची उंची तीच राहते. खऱ्या जगात समुद्रावर रेखांश काढणं फार काळ अवघड राहिलं. त्यासाठी जहाजावरही अचूक वेळ दाखवत राहणारं घड्याळ लागतं. इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसनच्या चौथ्या घड्याळाची समुद्रावर चाचणी सुरू झाली ती १७६१ मध्ये, आणि त्याआधीची कित्येक शतकं माणसं सबंध हिंदी महासागर ओलांडत होती.

मग ते जात कसे? आधी उत्तर-दक्षिण सरकून मुक्कामाचा अक्षांश गाठायचा, मग ध्रुव त्याच गाठीवर ठेवून सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला जायचं, जमीन लागेपर्यंत. किती दिवसांत लागेल ते अंदाजाने. अरब दर्यावर्दी ध्रुवाची उंची ‘इसबा’ म्हणजे बोटांत मोजत. सरळ उत्तरेला एक दिवस-रात्र गेलं की ध्रुव एक बोट वर चढतो, असं त्यांचं माप होतं, आणि बोटाचे आठ भाग, दर भागाला तीन तास. एक बोट साधारण १.६ अंशांचं, म्हणजे दिवसाला पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. शिडाच्या जहाजाला हा वेग पटण्यासारखा आहे. तुमच्या कथेत हेच माप घ्या.

वहीत माझं वाक्य असं होतं: ‘यांना आपण किती खाली-वर आहोत ते कळतं, किती पुढे-मागे आहोत ते कळत नाही.’ तुमचं वाक्य वेगळं असू शकेल. तुमच्या जगाला ध्रुवताराच नसेल, तर त्यांना उलट दिशाच कळणार नाही. विषुववृत्ताखालचे लोक असतील तर आपला ध्रुव त्यांना कधी दिसणारच नाही. वाक्य कोणतंही असो, पण एकच असू द्या. दोन-तीन अज्ञानं एकदम आणली की वाचकाला एकही लक्षात राहत नाही.

३. एक सफर आकड्यांत मांडा

आता नकाशा काढायचा, पण फक्त दोन ठिपक्यांचा. माझ्या कथेत घरचं बंदर आहे थोरवाट, १६ अंशांवर. मिठाचं बेट आहे खारोळी, १२ अंशांवर आणि बरंच पश्चिमेला. दोन्ही नावं मी बनवलेली. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून येतो, म्हणजे पाठीशी असतो. जहाज आधी दक्षिणेला चार अंश उतरतं: एका अंशाला १११ किलोमीटर धरून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, दिवसाला पावणेदोनशेच्या हिशोबाने अडीच दिवस. मग पश्चिमेला ९०० किलोमीटर, पाच दिवस. सगळं मिळून आठ दिवस धरा.

दोरीवर दोन गाठी: थोरवाटची ३५.६ सेंटिमीटरवर, खारोळीची ४७.६ वर. ध्रुव खाली येईल तसा पुठ्ठा डोळ्यापासून लांब जातो आणि दोरी वाढते, हे लक्षात ठेवा. वर्णनात उलटं लिहिलं गेलं तर जाणता वाचक तिथेच थांबेल.

आता या सफरीचा खरा आकडा. खारोळीवर डोंगर नाही, फक्त माड आहेत, १५ मीटर उंच. डेकवर उभ्या माणसाचे डोळे पाण्यापासून पाच मीटरवर. पृथ्वीच्या गोलाईमुळे ते माड जास्तीत जास्त २२ किलोमीटरवरून दिसतील. म्हणजे जहाज बेटाच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला २२ किलोमीटरपेक्षा जास्त चुकलं तर बेट बाजूने निघून जाईल, कोणाला काही न दिसता. आणि तुम्ही शेतात मोजलंत तेव्हा हाताची चूक अर्ध्या अंशाची तरी होतीच, म्हणजे ५५ किलोमीटर.

५५ आणि २२. चूक दृष्टीपेक्षा मोठी आहे. तुमच्या समाजाची भीती या दोन आकड्यांच्या फरकात राहते. बेट चुकलं तर पलीकडे मोकळा समुद्र, आणि परत यायचं तर तोच ईशान्य वारा आता तोंडावर.

पाण्याचाही हिशोब करा. वीस माणसं, दर माणशी चार लिटर, दिवसाला ८० लिटर. आठ दिवसांना ६४० लिटर. जहाजात सोळाशे लिटर मावत असेल तर वीस दिवस. पण परतीची वाट वाऱ्याविरुद्ध आणि संथ, म्हणून वळायचा दिवस वीसच्या निम्म्याच्या आधीच यावा लागतो. हे गणित केलं नाही तर तुमचं पात्र पंचविसाव्या दिवशीही भाषण देत असेल, आणि गावाकडचा, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा वाचक ते मानणार नाही.

४. श्रद्धा धोक्यातून काढा, हवेतून नाही

नव्या लेखकांच्या कथांत अपशकुनांची यादी येते: मांजर, काळा पक्षी, बाई जहाजावर नको. ही यादी कुठल्याही कथेत चिकटवता येते, म्हणून ती कुठेच रुजत नाही. माझा नियम असा, की प्रत्येक श्रद्धेमागे एक खरा धोका असला पाहिजे, जो पाळणाऱ्यांपैकी निम्म्यांना आता ठाऊक नाही.

आपल्याकडे बघा. रात्री सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात. रात्री शीळ घालू देत नाहीत. खोल समुद्रात मासेमारी करणाऱ्या शेटलंड बेटांवरच्या कोळ्यांतही समुद्रावर काही नेहमीचे शब्द वर्ज्य होते, आणि त्या वस्तूंना तिथली वेगळी नावं होती. म्हणजे भीती असते तिथे भाषा बदलते, हे दोन्हीकडे सारखं. तेव्हा तुमच्या लोकांना खडकाचं नाव घेऊ देऊ नका. माझ्या कथेत बुडालेल्या खडकाला ‘मामी’ म्हणतात. ‘मामी उजवीकडे बसली आहे’ असं खलाशांचा म्होरक्या तांडेल ओरडला की सगळे गप्प होतात.

पण मुख्य श्रद्धा वरच्या आकड्यांतून यायला हव्यात. मी दोनच ठेवल्या.

पहिली पाखरांची. वैनगंगेवर आपण जी नदी सुरय बघतो, तिच्या समुद्रातल्या भावंडांपैकी काही जाती दिवसभर पाण्यावर मासे धरतात आणि संध्याकाळी जमिनीकडे परततात. प्रशांत महासागरातले वाटाडे या पाखरांवरून न दिसणारं बेट ओळखत. सुरय साधारण ३५ ते ४० किलोमीटरपर्यंत जाते असा त्यांचा अनुभव. म्हणजे २२ किलोमीटरची दृष्टी पाखरांमुळे जवळपास दुप्पट होते. साहजिकच या समाजात पाखरू मारणं हे माणूस मारण्याइतकं पाप आहे. लग्नात नवरीच्या ओटीत सुरयचं पीस घालतात. आणि संध्याकाळी, पाखरं परतायच्या वेळी, जहाजावर कोणी मोठ्याने बोलत नाही. का, ते विचारलं तर म्हातारे सांगतात की समुद्र तेव्हा जेवतो. खरं कारण एवढंच, की टेहळणीवरच्या पोराचं लक्ष विचलित होऊ नये. ते सांगायची गरज नाही, कळणाऱ्याला कळेल.

यातला सापळा: पाखरं सकाळी बेटापासून दूर जातात आणि संध्याकाळी बेटाकडे येतात. दुपारी ती कुठल्याही दिशेला उडत असतात. दुपारचं पाखरू दाखवून नायकाने बेट शोधलं, असं लिहू नका.

दुसरी श्रद्धा: ‘ओली दोरी ताऱ्याला दाखवू नये.’ हिच्याबद्दल सातव्या पायरीवर लिहितो, कारण सगळी कथा तिच्यावर उभी आहे.

५. हुद्दे: दोरी कोणाच्या हातात, पाणी कोणाच्या हातात

पश्चिम किनाऱ्यावरच्या आणि हिंदी महासागरातल्या जहाजांवर हुद्द्यांची नावं आयती आहेत: नाखवा किंवा नाखुदा, मालम, सारंग, तांडेल, सुकाणी, भंडारी, खलाशी. पंधराव्या शतकातल्या मलाक्काच्या सागरी कायद्यात नाखुदाला जहाजावर राजाची जागा दिलेली आहे. नावं घ्या, पण शिडी जशीच्या तशी उतरवू नका. तुमच्या लोकांचं अज्ञान जिथे आहे तिथे अधिकार द्या.

माझ्या समाजात असं आहे. नाखवा मालाचा मालक, बंदरात त्याचा शब्द शेवटचा. किनारा दिसेनासा झाला की तो गप्प होतो. मग मालमचं राज्य, कारण दोरी त्याची. माणसं आणि शिडं तांडेलकडे. आणि वळायचा दिवस भंडारी सांगतो, कारण पाणी तो मोजतो. जेवण करणारा माणूस जहाज मागे फिरवू शकतो, ही गोष्ट मला या सगळ्या रचनेत सर्वांत आवडते. ती नाट्यासाठी आणलेली नाही, सोळाशे लिटरच्या हिशोबातून ती येतेच.

आणखी एक हुद्दा मी बनवला, साक्षीचा. ध्रुव उत्तरेला, तर दक्षिणेला अगस्ती. आपल्याकडून हिवाळ्यात तो दक्षिण क्षितिजाच्या थोडा वर ठळक दिसतो. नागपूरहून त्याची सर्वांत जास्त उंची १६ अंशांच्या आसपास. दक्षिणेला जावं तसा ध्रुव एक अंश उतरतो आणि अगस्ती एक अंश चढतो. १२ अंशांवर अगस्ती २५ अंशांच्या थोडा वर जातो. ज्या ऋषीने समुद्र पिऊन टाकला असं आपण लहानपणापासून ऐकतो, त्याचा तारा दर्यावर्दी लोकांनी दुय्यम माणसाच्या हाती द्यावा, हे मला कथेसाठी योग्य वाटलं. साक्षी अगस्ती मोजतो, पण मालमने विचारल्याशिवाय बोलत नाही. अगस्ती आकाशात सर्वांत वर असेल तेव्हाच मोजायचा, म्हणून साक्षीला रात्री ताटकळत बसावं लागतं.

हुद्दे ठरवताना सहा-सातच्या वर जाऊ नका. वाचकाला तितकेच लक्षात राहतात, आणि जहाजावर काम तरी तेवढंच असतं.

६. तोच क्रम गावात उतरवा

थोरवाटमध्ये पंगत बसते तेव्हा माणसं जहाजावरच्या जागेनुसार बसतात. मालमच्या घरचं दार उत्तरेला, साक्षीच्या घरचं दक्षिणेला. दोघांची घरं पाठीला पाठ लावून बांधतात, पण मधल्या भिंतीला खिडकी ठेवत नाहीत, कारण दोन मोजमापं एकमेकांना ऐकू येता कामा नयेत. खोटी साक्ष टाळायचा हा जुना उपाय आता फक्त चाल म्हणून उरला आहे, आणि दोन घरांत लग्नसंबंध होत नाहीत तेही त्यामुळेच.

दोरी कोण वळतं, हे ठरवायला विसरू नका. मी ते काम मालमच्या बायकोला दिलं. ती दोरीला मेण चोळते, गाठी मारते, जुन्या दोरीवर नवी ठेवून मापते. नवरा समुद्रावर असताना सगळ्यांचा जीव तिच्या गाठींवर असतो, म्हणून गावात तिचा मान नाखव्याच्या बरोबरीचा आहे. विधवा झाली तरी तो मान जात नाही. उलट जुनी खूणगाठ तिच्याकडेच राहते आणि नव्या मालमला ती तिच्याकडून मागून घ्यावी लागते.

ऋतूंसाठी आपलंच शेतकऱ्याचं ज्ञान वापरा. ७-८ जूनला मृग लागतो, मग पुढची नक्षत्रं आणि त्यांची वाहनं आपल्या घराघरात माहीत असतात. मृगात आपण पेरणीची तयारी करतो, त्याच वेळी पश्चिम किनाऱ्यावर होड्या वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा लोटतात. तुमच्या लोकांचं वर्ष या बंद आणि उघड्या समुद्राने दुभागलं जाऊ द्या. बंद समुद्राच्या महिन्यांत हुद्दे सैल होतात, लग्नं ठरतात, कर्जं फेडली जातात. पोरांना मालमची विद्या शिकवायची तीही याच काळात, पण आभाळ झाकलेलं असतं, म्हणून तारे जमिनीवर खडे मांडून शिकवतात.

७. एक चूक घडवा आणि ती कुठपर्यंत जाते ते बघा

समाज उभा राहिला की नाही, ते वर्णन वाचून कळत नाही. एक बारीक चूक सोडून द्यायची आणि बघायचं. मी सोडलेली चूक अशी.

सुती किंवा तागाची वळलेली दोरी ओली झाली की फुगते आणि लांबीला आखडते. घरी करून बघा: पीळ दिलेली दोरी मापा, भिजवा, पुन्हा मापा. म्हणून मेण, म्हणून ओल्या दोरीबद्दलची ती श्रद्धा. आता समजा मालमची बायको आजारी होती आणि दोरीला मेण कमी लागलं. तिसऱ्या रात्री लाट आली, दोरी भिजली. ४७.६ सेंटिमीटरची गाठ ४६.३ वर आली. सव्वा सेंटिमीटर, पण पुठ्ठा डोळ्याच्या जवळ आला म्हणून आता तो १२ नाही, १२.३ अंश मोजतो. ध्रुव वरच्या कडेला बरोबर लागतो, मालम म्हणतो खारोळीची रेघ आली, पश्चिमेला फिरा. जहाज प्रत्यक्षात बेटाच्या रेघेच्या ३५ किलोमीटर उत्तरेला आहे. माड दिसायला २२ लागतात. बेट दिसणार नाही.

चूक कळण्याचे दोन मार्ग आहेत, आणि दोन्ही हुद्द्यांनी अडवलेले आहेत.

एक, साक्षी. तो त्याच वळणाची, तितकीच भिजलेली दोरी वापरतो. त्याची अगस्तीची गाठ २२.३ सेंटिमीटरवर होती, ती आखडून २१.७ झाली. आता त्याचा पुठ्ठा जवळपास २६ अंश झाकतो, आणि अगस्ती आहे २५ वर. तारा वरच्या कडेला पोचतच नाही, सुमारे एक अंश कमी पडतो. ध्रुव म्हणतो आपण जागेवर आहोत, अगस्ती म्हणतो आपण अजून बरेच उत्तरेला आहोत. दोन तारे असे भांडले तर दोष ताऱ्यांचा नसतो, दोरीचा असतो, हे साक्षीला ठाऊक आहे. पण ते बोलणं म्हणजे ‘मालमने ओली दोरी ताऱ्याला दाखवली’ असं म्हणणं, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘त्याच्या बायकोने मेण लावलं नाही’ असं म्हणणं. मालमने विचारलं नाही, म्हणून तो बोलत नाही.

दोन, टेहळणीवरचं पोरगं. आठव्या संध्याकाळी त्याला तीन-चार सुरया दक्षिणेला जाताना दिसतात. ३५ किलोमीटर म्हणजे पाखरांच्या हद्दीची अगदी कड, म्हणून थवा नाही, तीन-चारच. पाखरं बघणं त्याचं काम, पण संध्याकाळी बोलायचं नाही हा नियम. तो खाली उतरून कोणाजवळ जाईल? तांडेल शिडात गुंतलेला. मालमकडे जायची त्याची पायरी नाही. तो भंडाऱ्याकडे जातो, कारण उपाशी पोरगं भंडाऱ्याकडेच जातं. आणि भंडारी तेव्हा पाणी मोजत असतो, कारण उद्या त्याला वळायचा दिवस सांगायचा आहे.

इथपर्यंत आलात की कथा तुम्हाला ढकलावी लागत नाही. भंडारी मालमला काय म्हणेल, साक्षीला सगळ्यांसमोर विचारलं जाईल का, आणि परत आल्यावर त्या मेणाचं काय होईल, हे प्रसंग आपोआप समोर येतात. तुमच्या चुकीतून असे दोन-तीन प्रसंग निघत नसतील तर श्रद्धा आणि हुद्दे एकमेकांना जोडलेले नाहीत. मग चौथ्या-पाचव्या पायरीवर परत जा. चूक मात्र मोठी करू नका. ३५ किलोमीटरची चूक कथेला पुरते. दोनशेची केलीत तर मालम मूर्ख ठरतो आणि त्याच्याबद्दल कोणालाच काही वाटत नाही.

८. बोली आणि शेवटची तपासणी

समुद्र आला म्हणून पात्रांनी कोकणी धाटणीनेच बोललं पाहिजे असं नाही. हे तुमचं बनवलेलं जग आहे. माझा भंडारी वऱ्हाडी बोलतो. पोरगं त्याला सुरयांचं सांगतं तेव्हा तो म्हणतो, ‘काहून रे, आतालोक गप काहून होता?’ जहाजाच्या भागांना मात्र किनाऱ्यावरचे शब्दच ठेवा: शीड, डोलकाठी, सुकाणू, वल्हं, नांगर. त्यांना नवी नावं देत बसलात तर वाचकाला कोश लागेल. नवे शब्द फक्त श्रद्धेच्या जागी आणा, जसं ‘मामी’.

पहिला मसुदा झाला की वही काढा आणि चार गोष्टी पडताळा. दक्षिणेला जाताना दोरी लांब होते का. वाऱ्याची दिशा जाताना आणि येताना एकच आहे का, आणि मग येताना जास्त दिवस लागले का. पाखरं संध्याकाळीच जमिनीकडे जातात का. आणि प्रत्येक दिवसाला ८० लिटर पाणी कमी झालं का. वाचून दाखवायला धिवर किंवा भोई घरातला, डोंगा चालवणारा कोणी मिळाला तर उत्तम. तारे त्याच्या कामाचे नसतील, पण भिजलेल्या दोरीबद्दल, प्रवाहाबद्दल आणि नावेवर कोण कोणाचं ऐकतं याबद्दल तो लगेच बोट ठेवेल. त्याने विचारलेले प्रश्न वहीत मागच्या बाजूने लिहून काढा आणि त्यांची उत्तरं मिळाल्यावरच दुसरा मसुदा घ्या.